व्हिटॅमिनच्या बाटलीचे फोटो आणि तारखांचा हिशेब

ऑनलाइन मागवलेली व्हिटॅमिनची बाटली घरी आली, की हल्ली तिचा फोटो आधी ओळखीच्या केमिस्टला जातो. "ओरिजिनल आहे ना?" गोळीत नेमकं काय आहे, हे फोटो पाहून कुणालाच सांगता येत नाही, ते प्रयोगशाळेचं काम. पण बाटलीशी कुणी खेळ केलाय का, हे बऱ्याचदा फोटोत दिसतं. फक्त कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं, ते कळायला हवं.

बहुतेकांचा भरवसा झाकणाखालच्या चंदेरी सीलवर असतो. 1982 साली शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं दगावली. त्यानंतर अमेरिकेत दुकानातून थेट मिळणाऱ्या औषधांना अशा बंदोबस्ताची सक्ती झाली. झाकणात ॲल्युमिनियमची पातळ चकती असते. झाकण लावलेली बाटली विद्युतचुंबकीय यंत्राखालून जाते, चकती तापते आणि तिच्या खालचा प्लॅस्टिकचा थर बाटलीच्या ओठाला चिकटतो. त्यामुळे चांगलं सील ओठावर सगळीकडे सारखं बसलेलं दिसतं. चकती एका बाजूला सरकलेली असेल, कडेला गोंदाचा थेंब असेल किंवा झाकणाच्या आट्यांवर चिकटा ओघळला असेल, तर शंका घ्यावी. नुसती सुरकुती मात्र यंत्राच्या कमीजास्त उष्णतेनेही पडते. चकतीवरच्या इंग्रजी सूचनेला तर काहीच अर्थ नाही. तसल्या छापील चकत्या बाजारात विकत मिळतात. शिवाय नकली माल भरणाराही यंत्र घेऊन पक्कं सील लावू शकतो. सील लावल्यानंतर बाटली उघडली गेली का, एवढंच ते सांगतं. आत कुणी काय भरलं, हे सांगत नाही.

गोळीवरच्या अक्षरांवरूनही लोक उगाच घाबरतात. अमेरिकेत औषधाच्या गोळीवर ओळखचिन्ह लागतं, पण पूरक आहाराच्या गोळ्यांना ते बंधन नाही. म्हणून कोरी गोळी नकली ठरत नाही. रंगातला थोडा फरकही चालतो. पण जुन्या बाटलीतल्या गोळीवर कोरलेली अक्षरं असतील आणि नव्या गोळ्या कोऱ्या निघाल्या, तर कंपनीला विचारायलाच हवं.

लेबलची मांडणी कंपन्या स्वतःच बदलत असतात, त्यामुळे जुन्या-नव्या लेबलातला फरक हा पुरावा नव्हे. त्यापेक्षा एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहावा. तो 14 अंकी असतो आणि `foscos.fssai.gov.in` वर तो कुणाच्या नावावर आहे हे दिसतं. अर्थात खऱ्या कंपनीचा क्रमांक चोरून छापणंही अवघड नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो बॅच आणि तारखांच्या ओळींना, कारण मुदत संपत आलेला माल तारीख बदलून विकण्याची लबाडी तिथेच पकडता येते. समजा, नाशिकच्या एका आजींसाठी नातवाने नेहमीची मल्टिव्हिटॅमिन स्वस्तात मागवली. बाटलीच्या तळाशी उत्पादन 09/2024 आणि एक्स्पायरी 08/2027 आहे. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलंय: उत्पादनापासून 24 महिन्यांत वापरावे. सप्टेंबर 2024 पासून 24 महिने मोजले तर मुदत ऑगस्ट 2026 ला संपते. इथे पूर्ण वर्ष वाढलंय. फोटो मोठा करून पाहिला तर शेवटच्या 7 भोवती प्लॅस्टिक जरा जास्त चकचकीत दिसतं आणि मागे 6 ची पुसट सावली आहे. द्रावणाने पुसून फक्त एक आकडा नव्याने छापलेला. बाटलीवरचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळतो का, हेही त्याच वेळी पाहावं. अमेरिकेहून आलेल्या बाटलीवर मात्र उत्पादनाची तारीख बऱ्याचदा नसते, तिथे हा हिशेब जमत नाही.

असे बारकावे दिसायचे तर फोटो तसा हवा. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर चंदेरी चकतीवर नुसता उजेडाचा डाग येतो. खिडकीजवळ बाटली किंचित तिरकी धरली, की खोडलेल्या जागेची चकाकी वेगळी दिसते. सीलचा फोटो ते फोडण्याआधी काढावा. लेबल गोल असल्याने त्याचे तीन-चार फोटो लागतात, तळाचा वेगळा.

शंका आली तर हे फोटो कंपनीला पाठवून या बॅचचा माल तुम्ही बनवला का, त्याच्या तारखा आणि गोळ्यांची संख्या कोणती, एवढंच विचारा. संपर्क क्रमांक बाटलीवरून घेऊ नका. बाटलीच नकली असेल तर तो क्रमांकही नकली असू शकतो. कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. उत्तर येईपर्यंत गोळ्या खाऊ नका आणि बाटली, सील, खोकं, बिल यांतलं काहीही टाकू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना ते सगळं लागतं.