पेज सगळ्या घराचं, हक्क कामापुरते

मार्च उजाडला की देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदारांच्या घरात फोन थांबत नाहीत. पूर्वी सगळा माल वाशीच्या बाजारात जायचा आणि अडत्याची पट्टी येईपर्यंत भाव किती मिळाला हे कळायचं नाही. आता पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक थेट बागेतून पेटी मागवतं आणि पुष्कळदा ते पहिल्यांदा भेटतं फेसबुकवर. असंच एक घर डोळ्यांपुढे आणू. बाग बघणारे वडील, हिशेब आणि ऑर्डरी सांभाळणारी सून, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि फोटो चांगले काढणारा कॉलेजातला पुतण्या. चौघांना मिळून धंद्याचं पेज चालवायचं आहे. ते कसं उभं करायचं आणि हंगामात कसं चालवायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

पहिली अडचण सुरुवातीलाच येते. बरेच जण पेज न काढता बागेच्या नावाने नवं प्रोफाइलच उघडतात. प्रोफाइल माणसाचं असतं, त्यावर माणसाचं खरं नाव हवं, असा फेसबुकचा नियम आहे. धंद्याच्या नावाचं प्रोफाइल कधीही बंद केलं जाऊ शकतं. शिवाय प्रोफाइलला ५,००० मित्रांची मर्यादा आहे. दुसरं म्हणजे अशा प्रोफाइलचा पासवर्ड घरभर फिरतो. एकाच दिवशी देवगड, पुणे आणि कॉलेजच्या हॉस्टेलमधून लॉगिन झालं की फेसबुकला संशय येतो आणि ऐन एप्रिलमध्ये खातं अडकून बसतं. पेजला मात्र स्वतःचा पासवर्डच नसतो. ज्याने त्याने आपल्या खात्यातून आत जायचं आणि आपल्याला दिलेलं काम करायचं.

म्हणून पेज काढायचं ते घरातल्या जबाबदार माणसाच्या खऱ्या प्रोफाइलवरून. आपल्या उदाहरणात मुलाच्या. बाहेरच्या एजन्सीला किंवा ओळखीच्या हुशार पोराला ‘तूच काढून दे’ असं सांगू नये. पेज ज्याच्या खात्यातून निघतं, सगळा हक्क आधी त्याच्याकडे जातो. उद्या त्याच्याशी बिनसलं, तर आपल्याच नावाचं, आपल्याच गिऱ्हाइकांनी भरलेलं पेज परत मिळवायला हातापाया पडावं लागतं. मदत जरूर घ्यावी, पण पेज आपण काढून मदतनिसाला आत घ्यावं. नाव, प्रकार, फोन नंबर, गाव आणि कामाच्या वेळा भरल्या की पेज तयार होतं. त्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ जात नाही.

आता कोणाला काय द्यायचं ते ठरवू. पेजच्या सेटिंगमध्ये `Page access` नावाचा भाग आहे. तिथे दोन प्रकारचे हक्क दिसतात. पहिला `Facebook access`. तो मिळालेला माणूस पेजच्या नावाने फेसबुकवर वावरू शकतो. त्यातच `Full control` दिलं, तर तो नवी माणसं आत घेऊ शकतो, जुनी काढू शकतो आणि अख्खं पेज पुसूनही टाकू शकतो. दुसरा `Task access`. यात पोस्ट, निरोप, कॉमेंट, जाहिराती, आकडेवारी अशी कामं सुटी सुटी देता येतात आणि तो माणूस मेटा बिझनेस स्वीट या अ‍ॅपमधून तेवढंच काम करतो. पेजच्या मालकीला त्याचा हात लागत नाही.

आमच्याकडच्या घरांत यावरून रुसवेफुगवे होतात. पुतण्याला वाटतं, माझ्यावर विश्वास नाही. खरं तर प्रश्न विश्वासाचा नसतो. त्याचा फोन चोरीला गेला किंवा त्याने चुकीच्या लिंकवर बोट ठेवलं, तर नुकसान कुठवर जाईल एवढंच यात पाहायचं असतं. पुतण्याला पोस्टचं काम द्यावं, सुनेला निरोप आणि कॉमेंटचं. `Full control` दोघांकडे असावं, मुलाकडे आणि सुनेकडे. एकाकडेच ठेवलं आणि त्याचं खातं हॅक झालं, तर पेज वाचवायला आत कोणीच उरत नाही. चौघांकडे ठेवलं, तर चोराला चार दारं मिळतात. वडिलांना काहीच देऊ नये असं मी म्हणेन. ते रोज पेज पाहतील, कुठे चूक असेल ती सांगतील, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहणारं एक माणूस घरात हवंच. हक्क ज्यांना दिला त्यांनी आपापल्या खात्याला दुहेरी पडताळणी लावायचीच, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारला जाईल. निमंत्रण पाठवल्यावर समोरच्याने ते स्वीकारावंही लागतं. ते न स्वीकारल्यामुळे ‘मला काहीच दिसत नाही’ अशी तक्रार येते. तेवढं आधी तपासावं.

यानंतर पोस्टचं वेळापत्रक. बिझनेस स्वीटमध्ये `Planner` उघडलं की महिन्याचं कॅलेंडर दिसतं. पोस्ट लिहायची, फोटो लावायचा, तारीख-वेळ ठरवायची आणि सोडून द्यायचं. पुतण्या रविवारी दुपारी बसून आठवड्याच्या चार पोस्ट लावू शकतो, मग परीक्षा असली तरी पेज रिकामं राहत नाही. पण कोणती पोस्ट आधी लावायची आणि कोणती नाही, हे ठरवण्यात खरं कौशल्य आहे.

एक प्रसंग पाहा. रविवारी पुतण्याने बुधवार सकाळसाठी पोस्ट लावून ठेवली, ‘आज पुण्याची गाडी भरली, मोजक्याच पेट्या शिल्लक’. मंगळवारी रात्री अवकाळी पाऊस झाला. बुधवारी काढणी झाली नाही, गाडी निघाली नाही. सकाळी ९ वाजता पोस्ट मात्र ठरल्याप्रमाणे गेली. तिच्यावर विश्वासून लोकांनी ऑर्डरी दिल्या आणि सुनेचा दिवस एकेकाची माफी मागण्यात गेला. म्हणून भाव, शिल्लक माल आणि गाडीची तारीख या तीन गोष्टी कधीही आधी लावून ठेवू नयेत. त्या त्याच दिवशी, बागेत फोन करून, हाताने टाकाव्यात. आधी लावायचं ते पावसाने बदलत नाही असं. पेटी आल्यावर आंबे गवतात कसे पसरायचे, आढीतला आंबा रोज का पाहायचा, पायरी आणि हापूस कसे ओळखायचे, गेल्या हंगामातल्या मोहराचे फोटो. या पोस्ट लोक जपून ठेवतात आणि त्यांना घाई नसते.

वेळापत्रकात काय लावलं आहे ते सुनेलाही माहीत हवं. रोज सकाळी तिने त्या दिवसाचा चौकोन उघडून पाहावा. बाजूने काही बिनसलं असेल, कुटुंबात किंवा गावात दुःखद घटना घडली असेल, तर लावलेली पोस्ट पुढे ढकलता येते. हे पाहायला एक मिनिटही लागत नाही.

आता इनबॉक्स. माझं ठाम मत आहे की आंबा विकला जातो तो इथे, पोस्टवर नाही. पोस्ट पाहून माणूस ‘रेट?’ एवढंच लिहितो आणि पुढचं उत्तरावर ठरतं. बिझनेस स्वीटच्या `Inbox` मध्ये मेसेंजरचे निरोप, कॉमेंट आणि पेजला जोडलेल्या इन्स्टाग्रामचे निरोप एकत्र येतात. एका जागी आल्याने सोय होते, तसा एक घोळही होतो. रात्री मुलाने निरोप उघडून वाचला, सकाळी उत्तर देऊ म्हणून फोन ठेवला. निरोप ‘वाचलेला’ दिसू लागला. सकाळी सुनेने पाहिलं, तिला वाटलं उत्तर गेलं असेल. गिऱ्हाईक तीन दिवस थांबलं आणि दुसऱ्या बागेकडे वळलं. दोन माणसं एक इनबॉक्स पाहतात तिथे हे हमखास होतं.

यावर उपाय साधा आहे. निरोप उघडला की तो तीनपैकी एका जागी गेलाच पाहिजे. उत्तर देऊन विषय संपला असेल तर `Done`. गिऱ्हाइकाच्या पत्त्याची किंवा पैशांची वाट पाहायची असेल तर पाठपुराव्याची खूण. आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं असेल तर त्याच्या नावावर सोपवणं. काहीच करायला वेळ नसेल, तर पुन्हा ‘न वाचलेला’ करून ठेवावा. हे पाळलं की इनबॉक्समध्ये उरलेला प्रत्येक निरोप म्हणजे बाकी काम, असा सरळ हिशेब राहतो. हा इनबॉक्स दिवसभर उघडा ठेवायची गरज नाही. सकाळी ९, दुपारी २ आणि रात्री ८ या वेळा पुरतात, फक्त त्या चुकवू नयेत. शेवटच्या फेरीत स्पॅमचा कप्पाही पाहावा. कधी कधी खरं गिऱ्हाईक तिथे जाऊन पडतं.

मधल्या वेळेसाठी आपोआप जाणारं उत्तर लावता येतं. ‘संपर्काबद्दल आभार, लवकरच उत्तर देऊ’ या वाक्यातून गिऱ्हाइकाच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा असं लिहावं: ‘नमस्कार. आम्ही सकाळी ९, दुपारी २ आणि रात्री ८ वाजता निरोप पाहतो. किती डझन हवेत आणि तुमचा पिनकोड लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी थेट भाव आणि तारीख सांगू.’ रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरंही जतन करून ठेवता येतात. ती जशीच्या तशी न पाठवता गिऱ्हाइकाचं नाव घालून पाठवावीत. आणि कोणी कॉमेंटमध्ये भाव विचारला, तर ‘इनबॉक्स करा’ म्हणू नये. भाव तिथेच लिहावा. विचारणारा एक असतो, वाचणारे शंभर.

तक्रारीचं उत्तर जतन केलेलं नसावं. आंबा कापल्यावर आत साका निघाला, असा फोटो कोणी कॉमेंटमध्ये टाकला, तर तो लपवून टाकायचा मोह होतो. तसं करू नये. साका बाहेरून दिसत नाही, हे खरं आहे आणि ते सांगावं. पण त्याआधी किती फळं गेली ते विचारून बदली फळं कधी पाठवणार ते तिथेच लिहावं, आणि पत्ता-फोन तेवढा खासगी निरोपात घ्यावा. लपवायची ती दुसऱ्याच प्रकारची कॉमेंट. हंगामात आपले फोटो चोरून बनावट पेजं निघतात आणि ‘इथे स्वस्त मिळेल, आगाऊ पैसे पाठवा’ असं आपल्याच पोस्टखाली लिहितात. ती लगेच काढावी, त्या पेजची तक्रार फेसबुककडे करावी आणि पैसे कोणत्या नावाच्या खात्यात जातात हे आपल्या पेजवर स्पष्ट लिहून ठेवावं.

आणखी एक निरोप ओळखायला सुनेला शिकवावं. ‘तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, २४ तासांत बंद होईल, खालच्या लिंकवर जाऊन पडताळणी करा.’ पाठवणाऱ्याचं नाव फेसबुकच्या मदत विभागासारखं असतं, चित्रही तसंच. हा चोर आहे. फेसबुक पेजच्या इनबॉक्समध्ये गिऱ्हाइकासारखा निरोप पाठवून पासवर्ड मागत नाही.

ऑर्डर पक्की झाली की ती वहीत उतरवावी: नाव, फोन, पूर्ण पत्ता, डझन, जमा रक्कम, गाडीची तारीख. इनबॉक्समधला निरोप खाली सरकत जातो, वहीतली ओळ जागेवर राहते.

तुमचं पेज आधीच चालू असेल, तर आज एक काम करा. `Page access` उघडा आणि तिथली नावं वाचा. काम सोडून गेलेला मुलगा, दोन वर्षांपूर्वीची एजन्सी, कोण ते आठवतही नाही असं एखादं नाव, यांतलं काही दिसलं तर ते आत्ताच काढून टाका. पेट्या भरायला लागल्यावर या कामाला वेळ मिळत नाही.