भिंत पाहून बिट, भिंत पाहूनच हॅमर

भिंतीत भोक पाडण्याच्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची छोटी पट्टी बसवलेली असते. लाकडाचे किंवा लोखंडाचे बिट कडेच्या धारेने कापते. हे बिट मात्र काँक्रीट ठोकून फोडते, फिरताना भुगा बाहेर काढते. म्हणूनच काँक्रीटमध्ये हॅमर मोड लागतो. तो बंद राहिला की टोक एकाच जागी घासत बसते, तापते आणि निळे पडते. पट्टी ज्या धातूने जोडलेली असते तो जोड उष्णतेने ढिला होऊन ती निसटते. मशीन चुकून उलट्या दिशेने फिरत असले तरी हेच घडते, आणि लक्षात यायला बराच वेळ जातो.

भिंत कशाची आहे हे भुगा सांगतो. गिलाव्याचा करडा थर संपल्यावर भुगा लाल आला तर वीट. करडाच राहिला आणि बिट जेमतेम पुढे सरकले तर काँक्रीट. जोर एकदम संपून बिट आत घुसले तर पोकळ ब्लॉक. विटेला हलका हॅमर पुरतो. वीट मऊ किंवा जुनी असेल तर नुसते फिरवूनही काम होते. पोकळ ब्लॉकमध्ये हॅमर बंदच ठेवावा. त्याची बाहेरची भिंत साधारण तीन सेंटिमीटरच जाड असते, आणि ठोक्यांनी तिची आतली बाजू खपल्यांनी फुटते. बाहेरून भोक नीट दिसते, पण स्क्रू आवळला की प्लग गरगर फिरतो. अशा जागी आत फुलणारा, पोकळ भिंतीसाठीचा प्लगच घ्यावा.

खिडकीवर पडद्याचा ब्रॅकेट लावताना भोक बहुधा लिंटेलच्या काँक्रीटमध्ये पडते. ६ मिमी जाड, ३० मिमी लांब प्लगसाठी ६ मिमीचे बिट घ्यावे. गिलावा १५ मिमी धरला तर भोक ५० मिमी हवे, म्हणजे प्लग काँक्रीटमध्ये बसतो आणि तळाच्या भुग्यालाही जागा उरते. बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळावी. खुणेवर खिळ्याने खोलगट टोचा पाडून हॅमर न लावता हळू सुरुवात करावी. बिट भरकटते ते याच पहिल्या क्षणी, खडीवरून घसरून. दोन-तीन मिलिमीटर आत गेले की हॅमर लावावा, आणि दर काही सेकंदांनी फिरते बिट बाहेर ओढून भुगा काढावा. तापलेल्या टोकावर पाणी ओतू नये. कार्बाइडला तडा जातो, शिवाय मशीन विजेवर चालते. ते हवेतच निवू द्यावे.

साध्या ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून ठोके बसतात, ते वेगवान पण दुबळे. काँक्रीटमध्ये अनेक भोके पाडायची असतील तर हवेच्या दाबावर ठोकणारे रोटरी हॅमर भाड्याने आणावे. त्याला खाचांच्या दांड्याचे एसडीएस बिट लागते. मध्येच बिट अडले आणि खणखण आवाज आला, तर आत सळई आहे. तिथे जोर करून उपयोग नाही; भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्यावे.