पात्राची जुनी जखम: एका घासात नको, हप्त्याहप्त्याने

आज आपल्याला एकाच प्रश्नाशी थांबायचं आहे. पात्राच्या भूतकाळात काहीतरी घडलंय, त्याची जखम अजून ओली आहे. ती वाचकाला कधी सांगायची? नव्या लेखकाची सवय अशी, की तिसऱ्या प्रकरणात पात्र खिडकीशी उभं राहतं, पाऊस पडत असतो, आणि पुढची दहा पानं फ्लॅशबॅक. सगळं एकदम कळतं. पण मग वाचकाला शोधायला काही उरत नाही, आणि तोवर पात्राशी त्याची ओळखही झालेली नसते. अनोळखी माणसाचं दुःख आपण ऐकून घेतो, इतकंच.

याच्या उलट कसं करता येतं, हे पाहायला विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेऊ. ‘रंगायन’ने ते १९६७ साली रंगमंचावर आणलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारे सुलभा देशपांडे यांची.

सुरुवातीला बेणारेबाई कशा दिसतात? बोलक्या, थट्टेखोर, शाळेवर आणि मुलांवर जीव असलेल्या. भूतकाळ कोणी सांगत नाही. पण शाळेत आपल्याविरुद्ध काहीतरी चाललंय, हे त्या बोलता बोलता स्वतःच उडवून लावल्यासारखं सांगतात. आणि नाटकमंडळीतले प्राध्यापक दामले आलेले नाहीत. बस्स, एवढंच. इथे माहिती जवळजवळ नाहीच. आहे तो फक्त वागण्यातला ताण. हसणं जरा जास्तच आहे, असं आपल्याला वाटतं, पण का ते कळत नाही. जखम आधी वागण्यात दिसली पाहिजे, कारण नंतर आलं तरी चालतं.

मग गावातल्या सामंताला कोर्ट कसं चालतं ते दाखवायचं म्हणून खेळ सुरू होतो. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. इथून भूतकाळ तुकड्यातुकड्याने बाहेर येतो, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या तोंडून. रोकडे घाबरत थोडं सांगतो. सामंत तर हातातल्या कादंबरीच्या आधाराने चक्क रचून सांगतो, आणि ते रचलेलं खऱ्याच्या जवळ जातं! पोंक्षे सांगतो, बाईंनी आपल्याला लग्नाबद्दल विचारलं होतं. कर्णिक त्याहून जुनं, मामाचं प्रकरण काढतो.

आता बघा, यातला कुणीही केवळ ‘प्रेक्षकाला कळावं’ म्हणून बोलत नाही. प्रत्येकाला काहीतरी हवं आहे: कुणाला स्वतःची कातडी वाचवायचीय, कुणाला भाव खायचाय. म्हणून प्रत्येक तुकड्यात बेणारे जेवढी उघडी पडते तेवढाच बोलणाराही. आणि क्रमसुद्धा पाहा. सर्वांत जुनी गोष्ट बरीच उशिरा येते. काळ उलटा, ताण मात्र चढता.

बेणारेचं स्वतःचं बोलणं अगदी अखेरीस येतं, तेही बाकीची पात्रं थिजलेली असताना. म्हणजे ते कोर्टातलं कुणी ऐकत नाही, फक्त आपण ऐकतो. तोवर आपणही खेळात रमलेलो असतो, पुढे काय निघतंय याची उत्सुकता आपल्यालाही लागलेली असते. हेच स्वगत पहिल्या अंकात आलं असतं तर आपल्याला बाईंची कीव आली असती. आता मात्र थोडी लाजही वाटते. हा फरक केवळ क्रमाने पडलाय.

आपल्या लेखनात हे तपासायचं कसं? आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. भूतकाळाचा एक तुकडा काढून टाका आणि तोच प्रसंग पुन्हा वाचा. प्रसंगात कुणाचा निर्णय, कुणाचं वागणं बदललं नाही, तर तुकडा चुकीच्या जागी आहे. पोंक्षेची साक्ष काढा, खटला लगेच ढिला पडतो; म्हणजे जागा बरोबर.

एक मर्यादा मात्र आहे. नाटकात आपण बेणारेच्या डोक्याच्या बाहेर असतो, म्हणून लपवणं खपतं. तुमची कथा पात्राच्या मनातून चालली असेल, त्याला ती गोष्ट रोज आठवत असेल, आणि तरी तुम्ही ‘त्या रात्रीचं ते’ असं मोघम लिहीत राहिलात, तर वाचक चिडतो, आणि त्याचं बरोबरच असतं. अशा वेळी काय घडलं ते लवकर सांगून टाकावं, आणि त्याचा अर्थ मागे ठेवावा. बहीण बुडाली हे पहिल्या पानावर येऊ दे. तिला विहिरीवर कुणी पाठवलं होतं, हे पात्राने स्वतःशी कबूल करायला शेवटपर्यंत वेळ घेतला तरी चालेल. कारण ते तो वाचकापासून लपवत नसतो, स्वतःपासून लपवत असतो.