आडवी स्लाइड उभी करताना

लॅपटॉपवर नीटनेटकी दिसणारी स्लाइड इन्स्टाग्रामवर टाकली की वाचता येत नाही. याचं कारण रुंदीत आहे. पॉवरपॉइंटची नेहमीची आडवी स्लाइड 13.33 इंच रुंद असते. तिच्यावरच्या 24 पॉइंटच्या अक्षराची उंची त्या रुंदीचा चाळिसावा भाग भरते. फोनचा पडदा साधारण सात सेंटिमीटर रुंद धरला, तर अक्षर उरतं पावणेदोन मिलिमीटरचं.

मग बरेच जण Design मधल्या Slide Size मध्ये जाऊन आकार उभा करतात. तिथे Ensure Fit निवडलं, तर सगळा मजकूर आक्रसून मधोमध बसतो आणि वर-खाली मोकळी जागा राहते. Maximize निवडलं, तर मजकूर कडेबाहेर जातो. दोन्हींत मांडणी आडवीच राहते. म्हणून मी मूळ फाइलला हात न लावता नवी फाइल घेते: 11.25 इंच रुंद, 14.06 इंच उंच. विंडोजवरचं पॉवरपॉइंट सहसा इंचाला 96 ठिपके धरून चित्र काढतं, त्यामुळे थेट 1080 बाय 1350 चं चित्र मिळतं. चौकोनी हवी असेल तर दोन्ही बाजू 11.25. मला उभी आवडते. तेवढ्याच रुंदीत जास्त उंची मिळते. या मापावर 36 पॉइंटचं अक्षर फोनवर तीन मिलिमीटरच्या आसपास येतं. त्याखाली मी जात नाही.

आता सोयाबीनच्या उगवण चाचणीची एक स्लाइड घ्या. डावीकडे ओल्या गोणपाटावरच्या बियांचा फोटो, उजवीकडे चार ओळी कृती, खाली उगवणीनुसार एकरी बियाण्याचा तक्ता. सभेत बोलणारा माणूस बोट दाखवून क्रम सांगतो. फोनवर तो माणूस नाही, म्हणून क्रम स्लाइडनेच सांगायला हवा. पहिल्या स्लाइडवर फक्त प्रश्न: ‘घरचं बियाणं पेरण्याजोगं आहे का?’ दुसरीवर फोटो आणि ‘100 दाणे मोजून घ्या’. तिसरीवर उरलेली कृती. चौथीवर तक्ता, पण दोनच रकाने आणि दोनच ओळी: उगवण 70 टक्के, तर बियाणं 30 किलो, 60 टक्के, तर 35. हे दोन आकडे वेगळ्या स्लाइडवर टाकले, तर तुलना मोडते. बोटानं सरकवलं की मागचा आकडा डोळ्यांसमोर राहत नाही. जे एकत्र पाहायचं, ते एकाखाली एक ठेवावं.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. जागा वाचवायला ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. ‘कृ’, ‘द्धि’ अशी अक्षरं असलेल्या ओळी आधी तपासाव्यात. भिडत असतील तर अंतर वाढवून शब्द कमी करावेत.

चित्रं काढून झाली की ती फोनवर पाठवा, हात लांब करून धरा आणि उन्हात वाचून पाहा. सोयाबीनवाला ती तिथेच वाचणार आहे.