तिघे फसले, तरी कुलूप उघडलं नाही

२० जुलै २०२२ रोजी क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीतल्या किमान ७६ कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर मिनिटभरात सारखाच एसएमएस आला. तुमचं वेळापत्रक बदललंय, बघून घ्या. आणि पुढे पत्ता cloudflare-okta.com. ऑक्टा ही त्यांची रोजची लॉगिन व्यवस्था, त्यामुळे पत्ता ओळखीचा वाटला. तिघांनी पासवर्ड टाकला.

तो लगेच टेलिग्रामवरून चोरांकडे पोचला. त्यांचा बेत असा: आपण तो खऱ्या साइटवर टाकायचा आणि बनावट पानावर माणसाकडून ओटीपी मागायचा. तो एसएमएसने आलेला असो की ॲपमधला, थोडा वेळ टिकणारा आकडा चोरालाही तेवढाच वेळ पुरतो. ओटीपी कुठे टाकला जातोय, हे ओटीपीला कळत नाही. खरी कमजोरी ही आहे.

एसएमएसचा ओटीपी तर न विचारताही जातो. मोबाइल कंपनीला गंडवून चोर तुमच्या नंबराचं नवं सिम काढतो. तुमच्या फोनची रेंज जाते आणि ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचं ‘एक्स’ खातं असंच नंबर पळवून बळकावलं गेलं. रेंज अचानक गेली आणि बराच वेळ आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा.

‘हे तुम्हीच का? मंजूर करा’ अशी सूचना पाठवणारी ॲप्सही आहेत. तिथे माणसाला थकवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोराकडे होता. तो पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला, सूचना येत राहिल्या आणि शेवटी एक मंजूर झाली. आपण लॉगिन करत नसताना अशी सूचना आली, म्हणजे पासवर्ड फुटलेला आहे. नाकारा आणि पासवर्ड बदला.

क्लाउडफ्लेअरमध्ये मात्र प्रत्येकाकडे यूएसबीला लावायची सुरक्षा-किल्ली होती. ती प्रत्येक साइटसाठी वेगळी गुप्त चावी वापरते. साइट एक नवा यादृच्छिक मजकूर पाठवते, किल्ली त्यावर सही करते, आणि ब्राउझर त्या सहीत साइटचा खरा पत्ता गुंफतो. cloudflare-okta.com साठी किल्लीत चावीच नव्हती, त्यामुळे सही झाली नाही. माणूस फसला तरी पत्ता जुळवण्याचं काम त्याच्या डोळ्यांवर सोपवलेलंच नव्हतं. त्याच सुमारास तशाच एसएमएसनी ट्विलिओ कंपनीत मात्र चोर शिरले.

किल्लीलाही मर्यादा आहेत. संगणकात व्हायरस असेल, तर लॉगिननंतरची कुकी चोरता येते. आणि ‘किल्ली नाही? एसएमएस घ्या’ अशी सोय सुरू ठेवली, तर चोर तीच वाट धरतो. फोनमधली पासकी याच तत्त्वावर चालते आणि तिला वेगळा खर्च नाही. तुमच्या ईमेल खात्यावर ती आजच सुरू करा आणि खातं परत मिळवण्याच्या पर्यायांत एसएमएस उरलाय का, तेही तपासा.