घोरणारं मूल आणि वर्गातलं लक्ष

दुसरीतला एखादा मुलगा समजा. रात्री तोंड उघडं ठेवून घोरतो, सकाळी उठवता उठत नाही आणि वर्गात सतत चुळबुळतो. बाई म्हणतात, लक्ष नाही. पण झोप अपुरी पडली की मोठी माणसं पेंगतात, मुलं मात्र बऱ्याचदा उलट चिडचिडी आणि चंचल होतात. म्हणून दोष स्वभावाला दिला जातो.

नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर अ‍ॅडेनॉइड नावाची ग्रंथी असते. तीन ते सात वर्षांत ती सर्वात मोठी असते. फार वाढली की नाकाची वाट अडते. झोपेत घशाचे स्नायू सैलावले की श्वास काही सेकंद थांबतो, मेंदू दचकून झोप उथळ करतो, आणि हे रात्रभर चालतं. मुलाला सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही.

सर्दीत घोरणं वेगळं. पण आठवड्यातून तीन-चार रात्री घोरणं, मध्येच शांतता आणि मग धाप लागल्यासारखा श्वास, असं दिसलं तर मोबाइलवर चित्रीकरण करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. सौम्य त्रासात काही आठवडे नाकातला स्टेरॉइड स्प्रे पुरतो. जास्त असेल तर शस्त्रक्रिया. 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड काढल्यावर मुलांची झोप आणि वागणूक सुधारली, लक्षाच्या चाचण्यांत मात्र ठळक फरक पडला नाही. त्यामुळे केवळ अभ्यासासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नका.