अडीच टक्के की साडेबासष्ट?

मे 2022च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्के होता. फेब्रुवारी 2023पर्यंत तो साडेसहावर गेला. म्हणजे वाढला किती? साडेसहातून चार वजा केले तर अडीच. पण मुळात जे चार होते त्यांच्या मानाने ही वाढ साडेबासष्ट टक्के भरते. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. नुसत्या वजाबाकीतून आलेल्या अडीचला ‘टक्के बिंदू’ म्हणतात. बँकवाले त्याचेही शंभर तुकडे करून ‘250 बेसिस पॉइंट’ म्हणतात, आणि त्यामुळे त्यांच्यात तरी घोळ होत नाही.

घोळ होतो तो कर्जदाराचा. समजा, कुणी वीस वर्षांसाठी सात टक्क्यांनी तीस लाखांचं गृहकर्ज नुकतंच घेतलंय. महिन्याचा हप्ता 23,259 रुपये. ‘व्याज अडीच टक्क्यांनी वाढलं’ असं वाचून तो मनात हप्त्यावर अडीच टक्के चढवतो. पाच-सहाशे रुपये जास्त, चालेल. पण त्याचा दर आता साडेनऊ झालेला असतो. पहिल्या महिन्याचं व्याज 17,500 वरून 23,750 रुपयांवर जातं, म्हणजे जवळपास 36 टक्क्यांनी वाढतं. हप्त्यात मुद्दलही असतं म्हणून तो इतका फुगत नाही, तरी 27,964 रुपये होतो. वाढ साधारण वीस टक्के.

हप्ता तोच ठेवून मुदत लांबवू, असं बँक सुचवते तेव्हा तर जपूनच राहावं. जुना हप्ता 23,259 आणि नवं व्याज 23,750! पूर्ण हप्ता भरूनही मुद्दल 491 रुपयांनी वाढणार. मुदत वाढवताना असं होता कामा नये, हे ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना बजावावं लागलं.

मतांच्या बाबतीत हा गोंधळ राजकीय सोयीचा ठरतो. दिल्ली विधानसभेच्या 2020च्या निवडणुकीत आम आदमी पक्षाला सुमारे 53.6 टक्के मतं होती, 2025 मध्ये 43.6. समर्थक म्हणणार, दहाच टक्के घटली. विरोधक म्हणणार, पक्षाने आपल्या मतांचा जवळपास पाचवा हिस्सा गमावला. दहा टक्के बिंदूंची ही घट मूळ 53.6च्या मानाने सुमारे 19 टक्के आहे, त्यामुळे खोटं कुणीच बोलत नाही. मात्र हे सगळं झालेल्या मतदानातल्या वाट्याबद्दल आहे. मतदान कमी-जास्त झालं तर प्रत्यक्ष मतांची घट वेगळी निघू शकते. जागांचं गणित तर आणखीच निराळं: तिथे पक्ष 62 वरून 22 वर आला.